‘पुढे काय?’ विचारलं आणि ‘द वर्ल्ड’ आला

वाचकाचं पत्र

मी सात वर्षं पीएचडी केली. दीड महिन्यापूर्वी व्हायवा झाला, पास झाले. परीक्षकांनी सांगितलेल्या किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या राहिल्यात. टॅरोचे पत्ते मी दोन वर्षांपासून स्वतःपुरते वापरते. ‘आता पुढे काय?’ असं विचारून तीन पत्ते काढले. मागच्या जागी एट ऑफ पेंटॅकल्स, आत्ताच्या जागी फोर ऑफ स्वॉर्ड्स आणि पुढच्या जागी द वर्ल्ड. मैत्रीण म्हणाली, वर्ल्ड म्हणजे परदेश. आणि खरंच, परदेशातली एक पोस्टडॉक हातात आहे. इथे शिकवण्याची एक जागाही आहे. दोन्हीकडे तीन आठवड्यांत कळवायचंय. पुस्तकात बघितलं तर वर्ल्डचा अर्थ ‘पूर्तता’. पूर्तता तर झालीच आहे, मग ती पुढच्या जागी कशी? खात्री करायला चार दिवसांनी पुन्हा पत्ते काढले, तर वर्ल्ड पुन्हा आला, पण उलटा. तेव्हापासून झोप लागत नाही. हा पत्ता मला ‘जा’ म्हणतोय की ‘थांब’?

उत्तर

आधी झोपेचं बघू, म्हणजे त्या उलट्या पत्त्याचं.

कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यातून तीन काढले की एखादा ठरावीक पत्ता त्यात असण्याची शक्यता ७८ मध्ये ३, म्हणजे २६ मध्ये १. रोज घडणारी गोष्ट नाही, पण अघटितही नाही. त्यातून तुम्ही पहिल्यांदा काढलेले तीन पत्ते परत कॅटवर ठेवले असतील, आणि घाईघाईत चारदोनदा पिसले असतील तर ते वरच्या भागातच घोटाळत राहतात. उलट्याचं कारण तर आणखी साधं आहे. कॅट काटताना एक गठ्ठा हातात फिरला की तो सगळाच्या सगळा उलटा होतो. किंवा पत्ता उघडतानाच तो उलटा होतो. पुस्तकाचं पान उलटावं तसा बाजूने उघडला तर पत्ता जसा होता तसाच राहतो. वरची कड धरून स्वतःकडे ओढून उघडला तर सुलटा पत्ता उलटा दिसतो. तुमचा हात कुठल्या सवयीचा आहे ते आज पाच पत्ते उघडून बघा. दोन वर्षं पत्ते वापरणाऱ्या कितीतरी जणांनी हे कधी तपासलेलं नसतं, मीही पुष्कळ उशिरा तपासलं.

दुसरं म्हणजे, चार दिवसांनी तुम्ही तोच प्रश्न विचारला असं तुम्हाला वाटतं, पण तो तोच नव्हता. पहिल्यांदा तुम्ही पुढचं विचारलं होतं. दुसऱ्यांदा तुम्ही ‘पहिल्यांदा आलं ते खरं ना?’ असं विचारलं. ते भीतीने विचारणं आहे, आणि भीतीने काढलेल्या पत्त्यांवर मी निर्णय ठेवत नाही. त्या तीन पत्त्यांचा फोटो काढला असेल तर पुसून टाका. उलट्या वर्ल्डमधून घेण्यासारखं एक आहे, ते मी पुढे सांगते, पण ते शकुन म्हणून घेऊ नका.

आता मैत्रिणीच्या ‘परदेश’कडे येते. तिचं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही. आज बहुतेकांच्या हातात जो संच असतो तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांनी तो योजला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारला. वेट यांनी वर्ल्डचे जे अर्थ दिले त्यात खात्रीचं यश आणि मोबदला यांच्या जोडीला प्रवास, वाट, स्थलांतर, जागाबदल हेही आहेत. ‘वर्ल्ड म्हणजे परदेश’ हे तिथूनच तोंडातोंडी पसरत गेलं. पण ती अर्थांची यादी आहे. त्यातला कुठला शब्द तुमच्या मांडणीत जिवंत आहे हे शेजारचे पत्ते ठरवतात. वर्ल्डच्या शेजारी सिक्स ऑफ स्वॉर्ड्समधली नाव असती, थ्री ऑफ वाँड्समधला समुद्रावरची जहाजं बघत उभा असलेला माणूस असता, किंवा चॅरियट, म्हणजे रथ असता, तर मीही प्रवासाचाच विचार आधी केला असता. तुमचे शेजारी कोण आहेत ते बघा. एट ऑफ पेंटॅकल्समध्ये बाकावर बसून, मान खाली घालून एकेक नाणं ठोकणारा कारागीर आहे. गाव त्याच्या मागे लांब राहिलंय. फोर ऑफ स्वॉर्ड्समध्ये थडग्यावर हात जोडून पडलेला योद्धा आहे. एक बसलेला, एक आडवा. दोघांपैकी कुणीही कुठे निघालेलं नाही. या मांडणीत मला परदेश दिसत नाही. म्हणजे जाऊ नका असं नव्हे. जाण्याबद्दल हे पत्ते काही बोलतच नाहीत, एवढंच.

मग ते कशाबद्दल बोलतात? तुमच्याच प्रश्नात ते आहे: पूर्तता झालीच आहे, तर ती पुढच्या जागी कशी?

मला वाटतं, ती अजून झालेली नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या राहिल्यात.’ व्हायवा होऊन दीड महिना झाला. सात वर्षांचं काम करणाऱ्या माणसाला किरकोळ दुरुस्त्यांना दीड महिना लागत नाही. त्या अवघड आहेत म्हणून राहिलेल्या नाहीत, त्या संपल्या की सगळंच संपेल म्हणून राहिल्या आहेत. माझा अंदाज चुकीचा असेल तर हे सोडून द्या. पण रात्री लॅपटॉप उघडून दुरुस्त्यांची यादी बाजूला ठेवून तुम्ही तिसऱ्या प्रकरणातले स्वल्पविराम नीट करत बसत असाल, तर माझा अंदाज बरोबर आहे. वेट यांनी उलट्या वर्ल्डला दिलेले शब्द आहेत जडत्व, साचलेपण आणि कायमपणा. त्यातला ‘कायमपणा’ मला सगळ्यात सूचक वाटतो. प्रबंध कायम ‘होत आलेला’ राहणं, आपण कायम विद्यार्थी राहणं. त्या पत्त्यातून घेण्यासारखं म्हटलं ते हेच. पण त्यासाठी पत्ता उलटा यावा लागत नाही, दुरुस्त्यांच्या फाइलची तारीख बघितली तरी कळतं.

आता पत्ता समोर घ्या आणि माझ्याबरोबर बघा. मधोमध नाचणारी आकृती आहे, अंगाभोवती जांभळं वस्त्र, दोन्ही हातांत एकेक छडी. मॅजिशियन हा पहिल्या क्रमांकाचा पत्ता, त्याच्या हातात एकच छडी असते. इथे दोन झाल्या. एक पाय दुसऱ्यामागे दुमडलेला आहे. हीच पायांची ठेवण बाराव्या क्रमांकाच्या हँग्ड मॅनची आहे, फक्त तो उलटा टांगलेला आणि ही सुलटी. पीएचडीची मधली वर्षं आठवली तर त्या टांगलेपणाची ओळख मी तुम्हाला करून द्यायला नको. भोवती पानांची लंबगोल माळ आहे. ती वर आणि खाली लाल फितीने बांधलेली आहे. माळ आपोआप गोल झालेली नाही, कुणीतरी दोन ठिकाणी ती बांधली आहे. आणि पायाखाली बघा: जमीन नाही. आकृती अधांतरी आहे.

पुस्तकं या पत्त्याला ‘यशाचा पत्ता’ म्हणून पुढे जातात, आणि त्यामुळे तो आला की माणसाला वाटतं, मला आनंद व्हायला हवा होता, मग असं पोकळ का वाटतंय? पत्त्यातच जमीन नाहीये. सात वर्षं ज्या कामावर पाय टेकून उभ्या होतात ते संपलं की पाय अधांतरी होणारच, काहीतरी बिघडलं असं त्यातून समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात गोल्डन डॉन नावाचं एक गूढविद्येचं मंडळ होतं. त्यांनी वर्ल्डला शनी जोडला. नाचणाऱ्या पत्त्याला शनी हे मला सुरुवातीला विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. शनी म्हणजे वेळ आणि मर्यादा. माळ म्हणजे नेमकी तीच मर्यादा: इथवर काम, त्यापलीकडे नाही. प्रबंधात राहून गेलेला तो एक मुद्दा, न वाचलेली ती चार पुस्तकं माळेबाहेर राहतील, राहू देत.

चार कोपऱ्यांत चार मुखं आहेत: माणूस, गरुड, सिंह आणि बैल. हीच चौकडी दहाव्या क्रमांकाच्या व्हील ऑफ फॉर्च्यूनवरही आहे. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बघा. दहाव्यात चौघांनाही पंख आहेत आणि चौघंही पुस्तक उघडून वाचत बसलेत. एकविसाव्यात, म्हणजे वर्ल्डवर, पुस्तकं नाहीत, नुसती मुखं आहेत. चौघांचंही वाचन झालं. मला हा सगळ्या संचातला सगळ्यात हळवा तपशील वाटतो, आणि तुमच्या जागेवर असलेल्या माणसाला तर मी तो मुद्दाम दाखवते.

म्हणून पुढच्या जागी आलेला वर्ल्ड मी असा वाचते: पुढची गोष्ट म्हणजे संपवणं. पोस्टडॉकही नाही आणि नोकरीही नाही, त्या दोन फिती बांधणं. हाच पत्ता मागच्या जागी आला असता तर मी म्हटलं असतं, ते झालं, आता हिशेब मांडू. आत्ताच्या जागी आला असता तर म्हटलं असतं, तुम्ही उंबऱ्यावर आहात. तो पुढे आलाय, म्हणजे अजून यायचाय.

आणि एक विचारू? तुमच्या मैत्रिणीने तिसऱ्या पत्त्याचा अर्थ सांगितला, तुम्ही पुस्तकात तिसराच पत्ता शोधला, उलटा आला म्हणून झोप उडाली तीही तिसऱ्याच पत्त्याची. मधला पत्ता कुणी वाचला? फोर ऑफ स्वॉर्ड्स तुमच्या ‘आत्ता’च्या जागी आहे. तीन तलवारी भिंतीवर टांगलेल्या आहेत, चौथी त्याच्या खाली आडवी आहे. ती हरवलेली नाही, मोडलेलीही नाही, फक्त हातात नाही. विसावा, माघार, एकांत असे या पत्त्याचे अर्थ. बसलेल्या कारागिराकडून नाचणाऱ्या आकृतीकडे जायची वाट या आडव्या योद्ध्यावरून जाते. तुम्ही त्याला ओलांडून पलीकडे उडी मारायला बघताय.

इथे टॅरोतली एक जुनी गोष्ट उपयोगाची आहे, आणि ती भविष्य बघण्याच्याही आधीची आहे. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते खेळायला. भविष्यासाठी त्यांचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वाढला. खेळात हे एकवीस चित्रपत्ते म्हणजे कायमचे हुकूम, आणि बहुतेक ठिकाणी वर्ल्ड हा त्यातला सर्वांत मोठा. (बोलोन्यात देवदूताचा पत्ता, म्हणजे आजचा जजमेंट, वर्ल्डच्याही वर धरतात, पण ते असो.) सर्वांत मोठा हुकूम पडला की काय होतं, हे पत्ते खेळलेल्या कुणालाही माहीत आहे. हात होतो. पत्ते गोळा करून आपल्यापुढे पालथे ठेवायचे, मगच पुढची उतारी. हात गोळा न करता पुढचा पत्ता टाकला तर कुठला पत्ता कुठल्या हातातला हेच कळेनासं होतं.

टॅरो वाचणारे म्हणतात, वर्ल्डनंतर ‘द फूल’, म्हणजे वेड्याचा पत्ता येतो, नवा प्रवास सुरू होतो. हे ऐकून लोक लगेच नव्या कामात उडी घेतात. पण फूलचा क्रमांक बावीस नाही, शून्य आहे. खेळात तो हुकमांच्या क्रमात बसतच नाही. फ्रेंच खेळात त्याचं नावच ‘एक्स्क्यूज’ आहे, म्हणजे सूट. तो हातात असला की तुम्ही उतारीचा रंग न देताही तो टाकू शकता. साधारणपणे त्याने हात जिंकता येत नाही, पण त्या हातापुरते तुम्ही नियमातून मोकळे होता. वर्ल्डनंतर फूल हे मला या अर्थाने पटतं. एका हातापुरती सूट. फोर ऑफ स्वॉर्ड्स तुमच्याकडे तेच मागतोय.

सूट मात्र मोजलेली हवी. ‘बघू, जरा आराम करते’ अशी सूट घेतली की ती अपराधी भावनेने भरून जाते आणि आराम होत नाही. आठवड्यांत मोजा, शेवटचा दिवस लिहून ठेवा. एकच आठवडा परवडत असेल तर एकच. घरचा खर्च, स्कॉलरशिपचा शेवटचा हप्ता हे बघून ठरवा, पत्ते काढून नव्हे.

आता त्या दोन संधींचं. त्यासाठी मी वर्ल्डचीच एक मांडणी वापरते. तुमच्यासारखे काम संपवून आलेले लोक माझ्याकडे आले की ‘हे की ते’ असे पत्ते मी सहसा काढतच नाही. वर्ल्ड कॅटमधून मुद्दाम बाहेर काढायचा, सुलटा मधोमध ठेवायचा. उरलेले ७७ पत्ते नीट पिसायचे आणि चार कोपऱ्यांत चार पत्ते ठेवायचे. या चार मुखांना चार स्थिर राशी जोडतात: बैल म्हणजे वृषभ, सिंह म्हणजे सिंह, गरुड म्हणजे वृश्चिक, माणूस म्हणजे कुंभ. त्यांची तत्त्वं अनुक्रमे पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू. म्हणून बैलाच्या कोपऱ्यात विचारायचं: शरीर आणि पैसा कुठल्या स्थितीत आहे? सिंहाच्या: खरी ओढ कशाची आहे? गरुडाच्या: कशाचा, कुणाचा निरोप राहिलाय? माणसाच्या: डोक्याला आता काय हवंय? चारही प्रश्न आजचे आहेत. एकही ‘पुढे काय होईल’ असा नाही.

एक उदाहरण सांगते. एक गृहस्थ अकरा वर्षं एका शब्दकोशावर काम करत होते. कोश छापून झाला आणि लगेच दुसऱ्या खंडाचं विचारणं आलं. त्यांनी मनातून होकार दिलेलाच होता, फक्त तो पत्त्यांकडून ऐकायचा होता. मी वर्ल्ड मधोमध ठेवला आणि चार पत्ते काढले.

बैलाच्या कोपऱ्यात टेन ऑफ वाँड्स. दहा काठ्यांची मोळी छातीशी धरून वाकून चाललेला माणूस, त्याला समोरचं दिसत नाही. मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, “माझी पाठ अशीच आहे.” दोन वर्षं पाठ दुखत होती, डॉक्टरकडे जायचं कोश संपल्यावर बघू म्हणून ठेवलेलं. सिंहाच्या कोपऱ्यात फोर ऑफ कप्स. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि तो बघतही नाही. मी विचारलं, “दुसऱ्या खंडातला कुठला शब्द तुम्हाला सगळ्यात आधी लिहायचाय?” त्यांना एकही सांगता येईना. गप्प झाले. मग म्हणाले, “पहिल्या खंडाच्या वेळी मी चाळीस सांगितले असते.”

इथे घाई करायची नाही. फोर ऑफ कप्स आला म्हणजे दुसरा खंड नको, असा अर्थ काढणं सोपं होतं. पण तुडुंब जेवलेल्या माणसाला आवडीचा पदार्थही नको वाटतो. त्यावरून त्याची आवड संपली असं ठरवता येत नाही. त्या पत्त्यातून एवढंच कळलं की या महिन्यात त्यांच्या ‘हो’ला किंवा ‘नाही’ला वजन नाही.

गरुडाच्या कोपऱ्यात सिक्स ऑफ स्वॉर्ड्स: नाव, वल्हवणारा आणि पाठमोरी बसलेली दोन माणसं. प्रवासाचा पत्ता म्हणून मी तो मघाशी सांगितला, पण निरोपाच्या जागी त्याचा सूर बदलतो. त्यांच्याबरोबर काम करणारी माणसं काम संपताच पांगली होती. कोशाचं काम ज्या खोलीत चाललं ती रिकामी करायचा दिवससुद्धा कुणी ठरवला नव्हता, एकेक जण आपापली पिशवी घेऊन गेला होता. माणसाच्या कोपऱ्यात पेज ऑफ पेंटॅकल्स: एक पोरगेला मुलगा, दोन्ही हातांत नाणं उंच धरून त्याच्याकडे एकटक बघतोय. हा शिकणाऱ्याचा पत्ता. अकरा वर्षं ज्यांना सगळे विचारायला येत होते, त्या माणसाला आता स्वतः कुणाला तरी विचारावंसं वाटत होतं. एक जुनी लिपी वाचायला शिकायचंय असं ते संकोचून म्हणाले, जणू वयाला न शोभणारं काही मागतायत.

त्यांनी दुसऱ्या खंडाला नकार दिला नाही. सहा महिन्यांनी उत्तर देतो असं कळवलं. पाठ दाखवून आले. सगळ्यांना एकदा त्या खोलीत बोलावलं, टिपणांची खोकी सगळ्यांनी मिळून लावली, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं. पुढे त्यांनी दुसरा खंड घेतला की नाही हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्ही त्यावरून तुमचं उत्तर शोधाल.

ही मांडणी तुम्ही स्वतः करू शकता. फक्त दुरुस्त्या जमा केल्यानंतर करा, आधी नको. आणि एक धोका लक्षात असू द्या: कोपऱ्यात आलेला पत्ता ओळखीच्या कुठल्याही गोष्टीला लागत नसेल तर त्याला ओढूनताणून लावू नका. ‘हा कोपरा कळला नाही’ असं लिहून पुढे जा. बळेच लावलेला अर्थ ओळखायची माझी एक खूण आहे. खरा लागलेला अर्थ एका वाक्यात सांगता येतो आणि त्यात एखादी वस्तू, माणूस किंवा दुखणं असतं. ओढूनताणून लावलेल्याला तीन वाक्यं लागतात आणि त्यात सगळी भाववाचक नामं असतात.

तीन आठवड्यांची मुदत पत्त्यांना हलवता येत नाही, तुम्हाला कदाचित येईल. दोन्हीकडे आजच एक छोटं पत्र लिहा: प्रबंधाची अंतिम प्रत जमा करायची आहे, उत्तरासाठी आणखी किती दिवस देता येतील, आणि रुजू व्हायची सर्वांत उशिराची तारीख कोणती? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. होकार लवकर द्यावा लागला तरी रुजू होणं लांबवता आलं, तर तुमचा फोर ऑफ स्वॉर्ड्स त्या मधल्या दिवसांत बसतो. मग पत्ते न काढता, कागदावर दोन रकाने करून चारही कोपऱ्यांचे प्रश्न दोन्ही जागांना विचारा. पगार आणि राहण्याचा खर्च बैलाकडे. तिथे पहिल्या सकाळी कुठलं काम हाती घ्यावंसं वाटतं, ते सिंहाकडे. कुणापासून लांब जाल, कुणाच्या जवळ याल, ते गरुडाकडे. कुणाकडून काय शिकाल, ते माणसाकडे. ज्या चौकटीत लिहायला काहीच सुचणार नाही, ती माहिती तुम्ही अजून विचारलेली नाही. ती विचारून घ्या. मुदत वाढली नाही आणि उत्तर द्यावंच लागलं, तर या कागदावरून द्या, वर्ल्डवरून नको.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं काम प्रबंधाचं नसेल, घर बांधून झालं असेल, चित्रपट पुरा झाला असेल, दहा वर्षांचा खटला निकाली निघाला असेल, तर त्यांनीही वर्ल्ड आला की आधी आपली ‘किरकोळ दुरुस्ती’ शोधावी. बहुतेकांकडे एक असते: न दिलेलं शेवटचं बिल, परत न केलेली किल्ली, न लिहिलेलं आभाराचं पत्र. ती सापडली की वर्ल्ड कुठल्या फितीबद्दल बोलतोय ते वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम असं. वर्ल्ड कॅटमधून काढून टेबलावर, दुरुस्त्यांच्या यादीशेजारी सुलटा ठेवा. बाकीचे ७७ पेटीत बंद. यादीतली पहिली दुरुस्ती उद्या सकाळी, शेवटची शनिवारपर्यंत. स्वल्पविरामांना हात लावायचा नाही, परीक्षकांनी मागितलं तेवढंच. प्रत जमा झाल्याची पोच हातात आली की वर्ल्ड परत पेटीत ठेवा आणि मोजलेल्या सुटीचा पहिला दिवस त्याच संध्याकाळपासून धरा. चार कोपरे त्या सुटीच्या शेवटच्या दिवशी मांडा, आणि कुठले पत्ते आले ते मला नक्की लिहा.